नो कॉस्ट ईएमआयमागचा खरा व्याजदर कसा काढायचा?

प्रश्न: 60,000 ची वस्तू नो कॉस्ट ईएमआयवर दरमहा 10,000 च्या 6 हप्त्यांत मिळतेय. एकरकमी घेतली तर 3,000 सूट आहे, हप्त्यांवर सूट नाही. म्हणजे मला 5 टक्केच जास्त पडतात ना? एवढं चालेल असं वाटतंय. बरोबर आहे का?

उत्तर:

5 टक्के नाही, वर्षाला जवळजवळ 18 टक्के पडतात. तुमच्या हिशोबात दोन गोष्टी निसटल्यात. एक म्हणजे तुम्ही कर्ज किती घेताय, आणि दुसरी, ते किती दिवस वापरताय.

आधी कर्जाचं बघू. छापील किंमत 60,000 असली तरी आज पैसे मोजणाऱ्याला ती वस्तू 57,000 ला मिळते. तिची खरी किंमत तीच. म्हणून हप्त्यांवर घेताना तुम्ही 57,000 उसने घेता आणि 60,000 फेडता. वरचे 3,000 म्हणजे व्याज. बिलावर ‘व्याज’ हा शब्द नसतो, कारण ते सोडलेल्या सवलतीच्या रूपात आधीच कापलेलं असतं. पैसे देणारी संस्था फुकट पैसे देत नाही. अशा योजनांत बहुतेकदा विक्रेता आपल्या किमतीतला काही भाग तिला सोडतो, आणि एकरकमी घेणाऱ्याला सूट म्हणून मिळणारी रक्कम तिकडे वळते.

आता मुदत. 3,000 ला 57,000 ने भागलं की 5.26 टक्के येतात. पुष्कळ जण इथेच थांबतात. काही जण पुढे जाऊन म्हणतात, सहा महिन्यांचे 5.26, म्हणजे वर्षाचे साडेदहा. तेही चुकतं, कारण 57,000 तुमच्याकडे सहा महिने राहतच नाहीत. पहिल्या महिन्याच्या शेवटी 10,000 परत जातात, दुसऱ्या महिन्याच्या शेवटी आणखी 10,000. शेवटच्या महिन्यात तुमच्या हातात जेमतेम 10,000 चं कर्ज उरलेलं असतं. पहिला हप्ता तुम्ही एक महिना वापरला, दुसरा दोन महिने, सहावा सहा महिने. सरासरी काढली तर साडेतीन महिने. म्हणून 5.26 टक्के हे साडेतीन महिन्यांचं व्याज आहे. त्याला 3.5 ने भागा, 12 ने गुणा, 18 येतात.

हे दुकानात उभ्या उभ्या करता येतं, म्हणून मला फार आवडतं. हप्त्यांच्या संख्येत 1 मिळवून 2 ने भागायचं, की सरासरी महिने मिळाले. दर फार चढा नसेल आणि हप्ते वर्षभराच्या आतले असतील, तर हा अंदाज नेमक्या उत्तरापासून फारसा सरकत नाही.

नेमकं उत्तर हवं असेल तर स्प्रेडशीटमध्ये हे टाका:

```
=RATE(6, -10000, 57000)*12
```

17.8 टक्के येईल. (सेल टक्क्यांत दाखवत नसेल तर 0.178 दिसेल.) हे असं का, ते एकदा हाताने पडताळून पाहा, मग विश्वास बसतो. महिन्याचा दर 1.4856 टक्के. 57,000 वर पहिल्या महिन्याचं व्याज 847 होतं. 10,000 भरले, बाकी राहिली 47,847. त्यावर 711 व्याज, पुन्हा 10,000 भरले, बाकी 38,558. असंच पुढे जात राहा. सहावा हप्ता भरला की बाकी बरोबर शून्यावर येते, आणि सहाही महिन्यांच्या व्याजाची बेरीज 3,000 भरते. ज्या दराने शेवटची बाकी शून्य होते तोच खरा दर. शेवटी काही रक्कम देणं उरलं तर धरलेला दर जास्त आहे, आणि बाकी शून्याच्या खाली गेली तर कमी.

आता तुमच्या प्रश्नात नसलेली, पण तुम्ही विचारलीच पाहिजे अशी गोष्ट: पहिला हप्ता केव्हा? वरचा हिशोब पहिला हप्ता एका महिन्याने सुरू होतो असं धरून आहे. तो खरेदीच्या दिवशीच घेत असतील, तर 57,000 पैकी 10,000 तुम्ही हातोहात परत केले. कर्ज राहिलं 47,000 आणि हप्ते उरले पाच. 3,000 भागिले 47,000 म्हणजे 6.38 टक्के, सरासरी तीन महिने, म्हणजे वर्षाला साडेपंचवीसच्या आसपास. नेमका दर 25.2 आहे. वस्तू तीच, सूट तीच, हप्ताही तोच; एक महिना अलीकडे सरकला आणि 18 चे 25 झाले.

```
=RATE(6, -10000, 57000, 0, 1)*12
```

शेवटचा 1 म्हणजे हप्ता महिन्याच्या सुरुवातीला.

प्रोसेसिंग फीचंही असंच आहे. ती सुरुवातीलाच घेतात, त्यामुळे ती उसन्या रकमेतून वजा करायची. समजा पहिला हप्ता महिन्याने आहे आणि फी 500 आहे. मग तुमच्या हाती खरे 56,500 आले, आणि दर 17.8 वरून 20.9 वर जातो. पाचशे ही रक्कम 60,000 पुढे किरकोळ दिसते, म्हणूनच तिच्याकडे दुर्लक्ष होतं. हप्त्यांसोबत एखादा कर किंवा शुल्क दरमहा वेगळं आकारत असतील, तर ते हप्त्यातच मिळवा.

उलटही घडतं. हीच 60,000 ची वस्तू दरमहा 5,000 च्या 12 हप्त्यांत आणि तेवढ्याच 3,000 च्या सुटीवर पाणी सोडून मिळत असेल, तर दर साधारण 9.6 टक्क्यांवर येतो, कारण तेवढ्याच पैशांत पैसा दुप्पट काळ वापरायला मिळतो. म्हणून दोन योजना समोर असल्या की आधी मुदत बघा, मग रक्कम.

हा सगळा हिशोब एका आकड्यावर उभा आहे, तो म्हणजे 57,000. तो खरा हवा. ‘सूट नाही’ असं फक्त हप्त्यांच्या ग्राहकालाच सांगतात का, हे कळायला आधी हप्त्यांचं नाव न काढता विचारा: आत्ता पूर्ण पैसे दिले तर शेवटचा भाव काय? तीच वस्तू दुसरीकडे एकरकमी किती पडते तेही बघा. छापील किंमतच फुगवलेली असेल, तर तिथली एकरकमी सूटही दिखाऊ असते. बाहेर ती 55,000 ला मिळत असेल तर तुमचं कर्ज 55,000 चं आणि सरासरीच्या रीतीने दर 31 च्या आसपास. आणि कुठेच, कुणालाच, काहीही सूट मिळत नसेल आणि फीही नसेल, तर दर खरोखर शून्य आहे. मग हप्ते घेण्यात तुमचं नुकसान नाही.

तुमच्या बाबतीत 57,000 हाताशी असतील, तर ते दुसरीकडे ठेवून वर्षाला 17.8 टक्क्यांपेक्षा जास्त आणि खात्रीने मिळतात का, एवढंच बघायचं. मिळत नसतील तर एकरकमी घ्या. पैसे नसतील आणि वस्तू हवीच असेल, तर दुसरीकडून कर्ज कितीला मिळतं ते विचारून याच 17.8 शी ताडून पाहा. पहिला हप्ता लगेच घेणार असतील, तर 25.2 शी.