सातव्या दिवसाचा आकडा

प्रश्न: कॉलेजच्या निरोप समारंभात मला तीन मिनिटं बोलायचं आहे. स्वतःच्या एका अपयशावर आणि त्यातून शिकलेल्या गोष्टीवर छोटं, प्रेरणादायी भाषण हवं आहे. कसं लिहू? नमुना द्याल का?

उत्तर:

मी सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला असताना असंच भाषण केलं होतं. ते जवळजवळ जसंच्या तसं देतो.

"मित्रांनो, आमच्या प्रोजेक्टसाठी एम २५ कॉंक्रीटचे क्यूब ओतायचे होते. दुसऱ्या शाखांतल्यांसाठी सांगतो: १५ सेंटिमीटरचा ठोकळा ओतायचा, पाण्यात ठेवायचा आणि २८ दिवसांनी मशीनमध्ये दाबून फोडायचा. काटा साधारण ५६२ किलोन्यूटनपर्यंत गेला की पास. सातव्या दिवशीही तीन फोडून बघतात. तेव्हा निदान ३६५ च्या आसपास यायला हवेत.

ऑगस्ट होता. मी वाळू मोजून घेतली, सिमेंट आणि पाणी मोजून घेतलं, नऊ क्यूब ओतले. सातव्या दिवशी काटा २७५ वर थांबला. मैत्रिणीने विचारलं, 'कमी नाही का आला?' मी म्हणालो, 'होईल गं, अठ्ठावीस दिवसांत भरून निघेल.' आकडा वहीत लिहिला, वही मिटली. सरांना सांगितलं नाही, कारण ओतण्याची जबाबदारी मी मागून घेतली होती. पुढच्या दोन आठवड्यांत त्याच ढिगातल्या वाळूने आणखी अठरा क्यूब ओतले.

अठ्ठाविसाव्या दिवशी काटा ४३० वर थांबला. सरांनी विचारलं, 'सातव्या दिवसाचा आकडा काय होता?' मी वही उघडून दाखवली. ते काहीच बोलले नाहीत.

लॅबमधल्या मामांनी त्या ढिगातली किलोभर वाळू पत्र्यावर भाजली आणि पुन्हा तोलली. ९४० ग्रॅम भरली. म्हणजे वीस किलो वाळूबरोबर सव्वा लिटरच्या आसपास पावसाचं पाणी मी मिश्रणात घालत होतो. दहा किलो सिमेंटला पाच लिटर पाणी ठरलं होतं, पडत होतं सहाच्या वर. पाणी वाढलं की कॉंक्रीटची ताकद घटते, हे मी परीक्षेत लिहून आलो होतो.

सातव्या दिवशी बोललो असतो तर नऊ क्यूब गेले असते. गप्प बसलो म्हणून सत्तावीस गेले आणि माझ्यासोबत तिघांचा दीड महिना गेला. तेव्हापासून आकडा पटला नाही की मी त्याच दिवशी कुणालातरी दाखवतो. आवाज अजूनही थरथरतो, पण दाखवतो. उद्यापासून आपण सगळे कुठल्यातरी साइटवर, कुठल्यातरी टेबलावर नवे असू. तुमच्या वहीत असा एखादा आकडा पडून असेल, तर आज रात्री एक फोन करा."

आता तुमच्याकडे वळतो. भाषण तुमच्याच अनुभवाचं हवं. माझे क्यूब तुमच्या तोंडी शोभणार नाहीत. अपयश असं निवडा ज्यात चुकीचा निर्णय तुम्ही स्वतः घेतला होता. आजारपण, कटऑफ, न मिळालेली प्लेसमेंट यांत बहुतेकदा नशिबाचा वाटा मोठा असतो. ऐकणाऱ्यांना वाईट वाटतं, पण त्यांनी काय करायचं ते कळत नाही. मग शोधा की ती चूक सुधारता आली असती असा शेवटचा दिवस कोणता होता. माझा सातवा होता. भाषणाचा मध्य तिथे ठेवा, कारण शिकण्यासारखं जे काही असतं ते त्या दिवशी घडलेलं असतं. निकालाच्या दिवसाला तीन-चार वाक्यं पुरतात.

पहिल्या मसुद्यात मी दोन गोष्टी चुकवल्या होत्या. सगळीकडे 'आम्ही' लिहिलं होतं, त्यामुळे माझी चूक चौघांत वाटली गेली. आणि शेवटी 'पुन्हा ओतले, पास झालो, चांगले गुण मिळाले' असं होतं. ते मोठ्याने वाचताना जाणवलं की एवढं सगळं गोड झालं तर अपयश उरतंच कुठे? काढून टाकलं.

सुरुवातीची 'आदरणीय व्यासपीठ' वगैरे नावांची यादी सूत्रसंचालकाने आधीच घेतलेली असते, ती पुन्हा घेऊ नका. तीन मिनिटांत तीन-साडेतीनशे शब्दांपेक्षा जास्त बसत नाहीत. मोबाइलवर वेळ लावून उभ्याने वाचा. आकडे दोन-तीनच ठेवा आणि प्रत्येकानंतर थोडं थांबा.

गोष्टीत जे आहेत त्यांना मात्र आधी वाचून दाखवा. 'होईल गं' हे वाक्य मी पूर्ण विसरलो होतो. त्या मैत्रिणीने आठवण करून दिली, आणि हॉल शांत झाला तो नेमका तिथेच.