नव्याचे नऊ दिवस आणि पाण्याचा नळ

"मॅडम, या घरासाठी बारा वर्षं पै-पै जमवली. वास्तुशांतीच्या दिवशी मला रडू आवरत नव्हतं. आता वर्षही झालं नाही, आणि सकाळी उठल्यावर काहीच वाटत नाही ओ. जुन्या घरात होते तशीच आहे मी. माझ्यातच काही खोट आहे का? का मी कृतघ्न आहे?"

सुनंदाताई (नाव आणि काही तपशील बदलले आहेत) अडतीस वर्षांच्या. अक्कलकोट रोडवरच्या एका टॉवेल कारखान्यात हिशेब बघतात, नवरा त्याच भागात यंत्रमागावर सुपरवायझर. लग्नापासून अशोक चौकाच्या आतल्या गल्लीत दोन खोल्यांत राहिले. माहेरही त्याच गल्लीत. मागच्या वर्षी जुळे सोलापुरात रो-हाऊस घेतलं.

समुपदेशक म्हणून अशा वेळी मी आधी एक गोष्ट तपासते. नव्या गोष्टीची गोडी ओसरली आहे, की सगळ्याचीच ओसरली आहे? झोप, भूक, कामातलं लक्ष, जगण्याबद्दलचे विचार, यांवर नऊ प्रश्नांची एक साधी चाचणी असते. त्यात त्यांचे सत्तावीसपैकी चार गुण आले, म्हणजे काळजीचं कारण नव्हतं. शिवाय बहिणीच्या लेकीच्या बोबड्या बोलांबद्दल सांगताना त्या मनापासून हसत होत्या. नैराश्यात जुन्या, लहानसहान आनंदांचीही चव जाते, आणि दोन आठवड्यांहून जास्त ती परत येत नाही. तसं असतं तर मी त्यांना त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवलं असतं. इथे फक्त घराची चव गेली होती.

मग मी दोन प्रश्न मुद्दाम वेगवेगळे विचारले. "एकूण आयुष्याकडे बघून दहापैकी किती गुण द्याल?" त्या लगेच म्हणाल्या, "आठ." जुन्या घरात किती दिले असते? "सहा." आणि कालचा दिवस कसा गेला? बराच वेळ विचार करून म्हणाल्या, "पाच."

त्यांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर या तीन आकड्यांत होतं. घरानं त्यांचं आयुष्य सुधारलं होतं, आणि ते त्यांना नीट माहीत होतं. न सुधारलेली गोष्ट होती ती रोजचा दिवस. आपण "सुखी आहे का?" हा एकच प्रश्न स्वतःला विचारतो आणि या दोन गोष्टींची गल्लत करतो.

रोजचा दिवस बघण्यासाठी त्यांना एक काम दिलं. आठवडाभर फोनवर दिवसातून पाच वेळा गजर. गजर वाजला की तेव्हा काय चाललंय, सोबत कोण आहे आणि मनाला किती गुण, एवढंच लिहायचं. पस्तीसपैकी एकतीस नोंदी झाल्या. सरासरी पाचच्या जरा वर होती.

वही उघडून आम्ही दोघी शेजारी बसलो. मी विचारलं, "यात घर कुठे आहे?" त्यांनी बोट फिरवत शोधलं. घर दोनदाच होतं. एकदा गीझर बिघडला तेव्हा, आणि एकदा नणंद येऊन "किती छान उजेड येतो गं" म्हणाली तेव्हा. बाकी एकोणतीस वेळा त्या त्याच घरातून निघत होत्या, त्यातच स्वयंपाक करत होत्या, पण मनात घर नव्हतं.

यात खोट काहीच नाही. मन बदल टिपतं. जे बदलत नाही, ते टिपायचं सोडून देतं. आपल्याकडे म्हणतात ना, नव्याचे नऊ दिवस. बारा वर्षं त्यांनी घराचं चित्र रंगवलं, त्यात फक्त घर होतं. मंगळवारची दुपार, उधारीची बिलं, लेकीचा गणिताचा पेपर त्या चित्रात नव्हतं. प्रत्यक्षात दिवस भरतो तो याच गोष्टींनी.

याचा एक जुना अभ्यास आमच्या क्षेत्रात सगळ्यांना माहीत असतो. 1978 साली अमेरिकेत इलिनॉय राज्याच्या लॉटरीत मोठं बक्षीस मिळालेल्या 22 जणांची तुलना तिथल्याच सामान्य लोकांशी केली गेली. सध्या किती सुखी आहात, याला विजेत्यांनी पाचपैकी 4 गुण दिले, इतरांनी 3.82. फरक असा की तो योगायोगानंही पडू शकतो. मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते दुसरं निरीक्षण. मित्राशी गप्पा, सकाळची न्याहारी, एखादा विनोद, अशा साध्या गोष्टींतून विजेत्यांना इतरांपेक्षा कमी आनंद मिळत होता. पेढा खाऊन चहा घेतला की चहा फिका लागतो, तसं. लोक या अभ्यासातून "शेवटी सगळं सारखंच" असा अर्थ काढतात. तो मला पटत नाही, कारण त्यातच अपघातानं अपंगत्व आलेल्यांचे गुण 2.96 होते, बरेच खाली. माणसं थोडी, अभ्यास एकाच वेळचा. पुढे 2020 मध्ये स्वीडनच्या लॉटरी विजेत्यांवर बराच मोठा अभ्यास आला. त्यात आयुष्याबद्दलचं समाधान दहा वर्षांनंतरही टिकलेलं दिसलं, मात्र आनंदावर आणि मनःस्वास्थ्यावर परिणाम त्यापेक्षा पुष्कळ कमी होता. सुनंदाताईंचे आठ आणि पाच मला तिथेच जाऊन जुळताना दिसले.

आता वहीतले सगळ्यात कमी गुण. दोन, तीन, तीन. तिन्ही रस्त्यावरचे. जुन्या घरून कारखाना स्कूटरवर दहा मिनिटं होता, आता पस्तीस मिनिटं लागतात, तेही जड वाहनांमागून. आणि रात्री नऊच्या सुमाराचे चार गुण: नवरा दुसऱ्या पाळीला, लेक अभ्यासाला, आणि त्या एकट्या भांडी आवरताना. सगळ्यात जास्त गुण, आठ, रविवारी सकाळी आईच्या गल्लीत. मी विचारलं, काय होतं त्या दिवशी?

"काही नाही ओ मॅडम. पाणी आलं होतं."

सोलापूरकरांना हे समजावून सांगायला नको. चार-पाच दिवसांआड पाणी येणार, त्या दिवशी गल्ली जागी. बॅरल, घागरी, हंडे, पाइप कुणाचा कुणाच्या नळाला. आईच्या पाठीत दुखतं म्हणून सुनंदाताई पाणी भरायला गेल्या, आणि शेजारणींशी बोलत दीड तास उभ्या राहिल्या. नव्या घरात बोअर आहे, टाकी आहे, नळ सोडला की पाणी. त्याच गोष्टीसाठी तर घर बदललं होतं! पण नळाचं सुख दोन महिन्यांत सवयीत मुरलं, आणि पाण्याच्या निमित्तानं मिळणारी माणसं मात्र गेली ती गेलीच.

म्हणून घराची गोडी का गेली, याहून मला दुसरं जास्त महत्त्वाचं वाटलं. सगळ्या गोष्टींची सवय सारख्या वेगानं होत नाही. गुळगुळीत फरशी, नळाचं पाणी, स्वतःच्या नावाची पाटी या गोष्टी जागच्या जागी असतात, रोज तशाच, म्हणून लवकर दिसेनाशा होतात. रहदारी रोज वेगळ्या ठिकाणी अडवते, रोज नव्यानं चीड आणते, म्हणून तिची सवय सहसा होत नाही. माणसांच्या गप्पांचंही तसंच, पण चांगल्या बाजूनं. त्या रोज वेगळ्या असतात, म्हणून शिळ्या होत नाहीत. सुनंदाताईंनी लवकर मुरणारी गोष्ट मिळवली होती, आणि न मुरणाऱ्या दोन गोष्टींत नुकसान सोसलं होतं. घर घेताना हा हिशेब कुणीच मांडत नाही.

पहिल्यांदा माझा उपाय चुकला. रोज रात्री तीन चांगल्या गोष्टी लिहा, असं मी सांगितलं. पाचव्या दिवसापासून वहीत "घर, पाणी, तब्येत" आणि खाली नुसती "वरीलप्रमाणे" अशी खूण. आभारांचीही सवय होते. हाच प्रयोग आठवड्यातून एकदा केला तर उपयोग होतो आणि तीनदा केला तर होत नाही, असं एका अभ्यासात दिसलं होतं; ते माहीत असूनही मी रोजचं सांगितलं. आम्ही ते थांबवलं.

त्या खरं तर आणखी एक विचारायला आल्या होत्या. शेजारच्या घरी मॉड्युलर किचन झालं होतं, आणि गृहकर्जावर साडेतीन लाख वाढवून घ्यायचा विचार चालू होता. अपेक्षेची रेघ अशीच वर सरकते: जुन्या गल्लीत वेगळं स्वयंपाकघर असणं हीच श्रीमंती होती. मी नको म्हटलं नाही. एका कागदावर अंदाज लिहायला सांगितला: किचन झालं तर पहिल्या दिवशी मनाला किती गुण, महिन्यानं किती, सहा महिन्यांनी किती. त्यांनी लिहिलं नऊ, आठ, आठ. मग त्याच पानावर घराबद्दल पहिल्या दिवशी मनाला किती गुण होते, महिन्यानं किती आणि आज किती, ते लिहायला लावलं. दहा, नऊ, पाच. त्या बराच वेळ कागदाकडे बघत राहिल्या.

"या स्वयंपाकघरात रोज कशाचा त्रास होतो?" मी विचारलं.

"ओटा खाली आहे. पोळ्या लाटताना कंबर धरते."

साडेतीन लाखांऐवजी ओटा सहा इंच उंच करून घेतला. कंबर धरायची थांबली. या सुधारणेतही नवेपण उरणार नाहीच, पण रोज नव्यानं टोचणारा एक काटा गेला.

रस्त्याचं काम कठीण होतं. मालकांशी बोलून वेळ तासभर अलीकडे घेतली, म्हणजे गर्दीच्या आधी पोहोचता येतं. मंगळवारी आणि शुक्रवारी काम सुटल्यावर त्या थेट आईकडे थांबतात, लेकही शिकवणीहून तिथेच येते, जेवूनच घरी. आणि घरात सतत असणाऱ्या गोष्टींपेक्षा अधूनमधून घडणाऱ्या गोष्टी आणायच्या ठरवल्या. एप्रिलमध्ये गल्लीतल्या सहा जणी गच्चीवर वाळवणाला आल्या. जुन्या साडीवर कुरडयांची चक्रं, कडेला दगड ठेवलेले, आणि ऊन चढायच्या आत उरकायची घाई. तिथे जुन्या गल्लीत गच्ची नव्हती कुणालाच.

सहा महिन्यांनी पुन्हा आठवडाभर गजर लावले. आयुष्याचे गुण तेच, आठ. दिवसांची सरासरी सहाच्या थोडी वर. मधल्या काळात नवऱ्याची पाळीही बदलली, त्यामुळे सगळं श्रेय मी या उपायांना देणार नाही. रात्री नऊच्या नोंदी सुधारल्या त्या बहुधा त्यामुळेच.

मे महिन्यात त्यांचा निरोप आला. मोटार जळाली होती, दोन दिवस घरात थेंब नव्हता, शेजारून घागरी आणल्या. सोमवारी रात्री मोटार दुरुस्त झाली. "मॅडम, नळ सोडला आणि पाच मिनिटं नुसते हात भिजवत उभी राहिले. वास्तुशांतीच्या दिवसासारखं वाटलं." खाली आणखी एक ओळ होती. "आज बुधवार. आज परत नुसता नळ आहे."