दोन चाचण्या, दोन उत्तरं: कुणाचं ऐकायचं?

प्रश्न: प्रात्यक्षिकात एका तरुणाच्या प्रश्नावलीत परावलंबन कमी आलं आणि रोर्शाक या शाईच्या डागांच्या चाचणीत जास्त. कोणती चाचणी चुकली म्हणायची?

बहुधा कोणतीच नाही. दोन्ही वेळा त्या तरुणाला काय करावं लागलं ते आठवून बघा. प्रश्नावलीत ‘निर्णय घेताना मला कुणाचा तरी आधार लागतो’ अशा धर्तीचं विधान वाचून त्याने स्वतःकडे पाहिलं, आपल्याविषयी त्याची जी समजूत आहे ती तपासली आणि ‘नाही’वर खूण केली. रोर्शाकमध्ये शाईचा डाग समोर धरून ‘हे काय असू शकेल?’ एवढंच विचारलं गेलं. तो म्हणाला, ‘चोच उघडून बसलेलं पिल्लू.’ पुढे दुसऱ्या कार्डावर ‘कुणीतरी हात धरून उठवतंय.’ या उत्तरांतून आपलं परावलंबन मोजलं जातंय याची त्याला कल्पनाही नव्हती. पहिल्या चाचणीत माणूस स्वतःला कसा ओळखतो ते कळतं, तर दुसरीत त्याच्या मनात सहज काय उमटतं ते.

रॉबर्ट बॉर्नस्टीन आणि सहकाऱ्यांनी 1990च्या दशकात हा फरक प्रयोगांतून दाखवला. चाचणी परावलंबनाची आहे असं सांगून त्या गुणाला चांगलं किंवा वाईट ठरवलं, की प्रश्नावलीचे गुण हलत; रोर्शाकचे फारसे हलत नसत. उलट सहभागींची मनःस्थिती मुद्दाम बदलली, की रोर्शाकचे गुण बदलत आणि प्रश्नावलीचे जवळपास तसेच राहत. म्हणजे प्रत्येक चाचणीची कमकुवत जागा वेगळी. एकीला प्रतिमा जपण्याची ओढ ढकलते, दुसरीला त्या दिवशीचा मूड.

तुमच्या तरुणाबाबत म्हणूनच आधी दोन गोष्टी तपासा. प्रश्नावलीत त्याने स्वतःला फार चांगलं दाखवलं आहे का? आणि रोर्शाकच्या दिवशी तो खचलेला होता का? दोन्हींचं उत्तर ‘नाही’ असेल, तर ही विसंगतीच तुमची माहिती आहे.

प्रश्न: रोर्शाकमध्ये खोटेपणा करता येत नाही, असं शिकवलं जातं. हे बरोबर आहे का?

नाही, आणि हा समज लवकर सुटलेला बरा. 1980 मध्ये अल्बर्ट, फॉक्स आणि कान यांनी तज्ज्ञांपुढे रोर्शाकच्या नोंदी ठेवल्या. काही खरोखर मनोविकृती असलेल्या रुग्णांच्या होत्या, काही तसं सोंग करणाऱ्यांच्या. तज्ज्ञांना सोंग ओळखता आलं नाही. एमएमपीआय-2 या 567 विधानांच्या प्रश्नावलीत निदान एल, एफ आणि के या श्रेणी आहेत: एलमध्ये भाबडा सोज्वळपणा दिसतो, एफमध्ये अतिरंजित तक्रारी, केमध्ये सावध बचाव. रोर्शाकमध्ये त्यांच्या तोडीची सोय नाही.

प्रश्न: उत्तरांची संख्या कमी-जास्त झाली तर रोर्शाकचा निकाल बिघडतो का?

बिघडतो, आणि विद्यार्थी सगळ्यात जास्त इथेच फसतात. दोघांनी प्रत्येकी 5 परावलंबी उत्तरं दिली असं समजा. पहिल्याची एकूण उत्तरं 14, म्हणजे प्रमाण 36 टक्के. दुसऱ्याची 40, म्हणजे 12.5 टक्के. नुसते आकडे मोजले तर दोघे सारखेच दिसतात, म्हणून इथे भागाकार करावाच लागतो. पण त्यानेही सगळं सुटत नाही: 14 उत्तरांत एखादंच उत्तर इकडचं तिकडे झालं तरी प्रमाण सुमारे 7 टक्क्यांनी हलतं. रोर्शाक घेण्याच्या, 2011 मध्ये आलेल्या आर-पीएएस पद्धतीत म्हणूनच प्रत्येक कार्डासाठी दोन, फार तर तीन उत्तरं मागतात आणि चौथ्या उत्तरानंतर कार्ड परत घेतात.

प्रश्न: रोर्शाकच्या उत्तरांवरून काढलेला प्रत्येक निर्देशांक अहवालात वापरावा का?

नाही. मिहुरा आणि सहकाऱ्यांच्या अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या 2013च्या मोठ्या महाविश्लेषणात आकलन व विचारप्रक्रियेतल्या बिघाडाशी संबंधित निर्देशांकांना भक्कम आधार मिळाला, बाकी अनेकांना कमी किंवा मिळालाच नाही. चाचणी सप्रमाण आहे की नाही, हा प्रश्नच मला चुकीचा वाटतो. तो एकेका निर्देशांकाबद्दल विचारायला हवा.

तुमच्या तरुणाच्या अहवालात ‘तो परावलंबी आहे’ असं लिहू नका, आणि ‘परावलंबन नाकारतो’ असंही थेट लिहू नका, कारण त्यात तो काहीतरी लपवतोय असा आरोप येतो. मी असं लिहीन: ‘स्वतःविषयी सांगताना ही व्यक्ती स्वावलंबी असल्याचं म्हणते. मात्र रोर्शाकमध्ये आधार व मदतीच्या प्रतिमा वारंवार आल्या. मदत मागण्याचे प्रसंग आल्यावर ती कशी वागते, हे मुलाखतीत विचारावं.’ मग मुलाखतीत विचारा: आजारी पडलात तेव्हा पहिला फोन कुणाला केला होता, आणि किती वेळाने?