पोटात नेमकं कुठे दुखतंय?

"जिवलग मैत्रिणीला जर्मनीत पीएचडीला प्रवेश मिळाला. अभिनंदन केलं, स्टेटसही ठेवलं, आणि रात्रभर डोळ्याला डोळा नाही. मला तर जर्मनीला जायचंसुद्धा नाही! मग का जळतेय मी?"

अगं, मीही यातून गेलेय. कॉलेजात मी आणि माझी मैत्रीण दोघी कथा लिहायचो. मी बँकेत लागले, लिहिणं सुटलं. पुढे तिची कथा एका दिवाळी अंकात आली. ती अंक द्यायला घरी आली, तेव्हा 'वा वा' केलं, चहा टाकला. ती गेल्यावर अंक टीपॉयवर पालथा घातला तो दोन दिवस तसाच.

तिसऱ्या दिवशी कागद घेऊन तिच्या यशाचे तुकडे पाडले: छापून आलेलं नाव, मानधन, लोकांचं कौतुक, आणि रोज पहाटे दार लावून ती लिहायला बसते तो दीड तास. एकेक तुकडा मनातल्या मनात स्वतःला देऊन पाहिला. मानधनाने काहीच हललं नाही. नावाने जरा कळ आली. पण "तेवढ्या वेळात घरातलं कुणी हाक मारत नाही" हे तिचं वाक्य आठवलं आणि घशात आवंढा आला. मला अंक नव्हे, ते लावलेलं दार हवं होतं.

तूही जर्मनी अख्खी धरू नकोस. पुन्हा अभ्यासाला बसणं, घरापासून लांब एकटीने राहणं, 'पुढे काय?' विचारणाऱ्यांना ठाम उत्तर असणं, हे सगळं त्यात आहे. प्रत्येक तुकड्याबद्दल स्वतःला विचार: कुणालाही कधीच कळणार नाही या अटीवर मिळालं, तरी घेईन का? घेईन म्हणालीस तर ती खरी इच्छा. नाहीतर तुला कौतुक हवंय. तेही कळलेलं बरं.

उलटंही करून बघ. तिचा प्रवेश रद्द झाला अशी कल्पना कर. नुसतं हायसं वाटलं आणि स्वतःला काहीच नको असेल, तर ती निव्वळ तुलना. मानसशास्त्रज्ञ अब्राहम टेसर यांची मांडणी अशी, की माणूस जवळचा असेल आणि आपण ज्यात स्वतःला मोजतो त्यातच तो पुढे गेला, तर जास्त टोचतं. म्हणून लांबच्या चुलतभावाच्या बंगल्याने आपली झोप उडत नाही. आपल्याकडे शब्दही दोन आहेत: "हेवा वाटतो गं तुझा" हे तोंडावर म्हणता येतं, मत्सराचं तसं नाही.

कागदाने सगळंच सुटत नाही, हेही सांगते. कथा पाठवल्याचं तिने मला सांगितलंच नव्हतं, त्याचा सल वेगळा होता. तो इच्छेत मोडत नाही, ते रुसणं होतं, आणि ते तिच्याशी बोलूनच गेलं. दाराचं म्हणशील तर सध्या रविवारी सकाळी सात ते आठ लागतं. नवरा अजून दोनदा तरी ठोठावतो.