ग्रुपवर मसुदा टाकला आणि फक्त अंगठे आले

“मॅडम, मी मसुदा ग्रुपवर टाकते तेव्हा कुणी काही बोलत नाही. दोन-तीन अंगठे येतात, एखादे हात जोडलेले. मग छपाईच्या आदल्या रात्री सगळ्यांना एकदम चुका दिसतात, आणि त्याही एकमेकांच्या उलट. माझ्या कामाला काही किंमतच नाही का? की मला मागताच येत नाही?”

हे विचारणारी ताई नाशिकजवळच्या एका द्राक्ष निर्यातदाराच्या कार्यालयात काम करते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीआधी बागायतदारांना द्यायचं फवारणी-नोंदीचं सहा पानी पत्रक तिच्याकडे होतं. कोणतं औषध कधी मारायचं, काढणीआधी किती दिवस थांबायचं, मालात उरलेल्या औषधाच्या अंशाच्या, म्हणजे रेसिड्यूच्या, तपासणीचा नमुना कसा जाईल, असा सगळा मजकूर. पत्रक चुकलं तर माल परत येण्याची भीती, म्हणून ती रात्र रात्र झोपत नव्हती.

मी तिला मोबाईल उघडायला सांगून तो मेसेज वाचला. चौदा जणांच्या ग्रुपवर पीडीएफ, आणि खाली, “कृपया वेळ मिळाल्यास बघून अभिप्राय द्यावा 🙏”. तिच्या कामाच्या किमतीचा प्रश्न इथेच बाजूला पडला. या ओळीत कुणी बघायचं, काय बघायचं, कधीपर्यंत आणि कुठे लिहायचं, यातलं काहीच नव्हतं. “वेळ मिळाल्यास” हे आपण अदबीने लिहितो, पण वाचणाऱ्याला त्यातून न बघण्याची परवानगी मिळते.

चौदा जणांना एकत्र विचारल्यावर काय होतं, यावर मानसशास्त्रात एक जुना प्रयोग आहे. १९६८ मध्ये जॉन डार्ली आणि बिब लाताने यांनी न्यूयॉर्कमध्ये विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून माईकवरून बोलायला लावलं. मध्येच पलीकडच्या एकाला झटका आल्याचा आवाज ऐकवला. ऐकणारे फक्त आपणच आहोत असं ज्यांना वाटत होतं, त्यांच्यापैकी ८५ टक्के जण झटका संपायच्या आत मदत मागायला उठले. आणखी चार जण ऐकत आहेत असं वाटणाऱ्यांत हे प्रमाण ३१ टक्क्यांवर आलं. बसून राहिलेले विद्यार्थी निष्ठुर नव्हते, कित्येकांचे हात थरथरत होते. दुसरा कुणीतरी करेल, एवढंच प्रत्येकाला वाटलं. पत्रक तपासणं ही काही आणीबाणी नाही, पण जबाबदारी वाटली जाऊन पातळ होते ती अशीच. हे ऐकून ताई बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, “म्हणजे ते माझ्यावर नाराज नव्हते.”

मग आम्ही नवा मेसेज लिहायला घेतला. सगळ्यात जास्त वेळ गेला तो एका ओळीवर: “अंतिम निर्णय मी घेईन.” तिचा हात थांबला. “मी सगळ्यांत ज्युनियर आहे. साहेबांच्या कॉमेंटवर मी कोण निर्णय घेणार?”

दस्तऐवजाला एक धनी हवा तो हुद्द्यासाठी नाही. दोन सूचना आपसांत भांडल्या की कुणीतरी एक निवडून ती का निवडली हे लिहायला हवं. तो माणूस ठरलेला नसेल तर शेवटी बोलणारा जिंकतो, आणि तिला छळणारी छपाईची आदली रात्र नेमकी त्यातूनच येत होती. मात्र हा अधिकार तिने स्वतःच जाहीर केला असता तर कुणी मानला नसता. म्हणून साहेबांशी आधी बोलायचं ठरलं. माझ्यासमोर तिने ते वाक्य म्हणून बघितलं, “सर, सगळ्यांच्या सूचना मी एकत्र करते. मतभेद झाले तर तुमच्या वतीने मी ठरवू का? तसं ग्रुपवर तुम्ही एक ओळ लिहाल का?” साहेबांनी लिहिली.

मंगळवारी सकाळी गेलेला मेसेज असा:

“नमस्कार. फवारणी-नोंद पत्रकाचा मसुदा या लिंकवर आहे. कृषितज्ज्ञ सर, पान ३ वरची औषधं आणि थांबायचे दिवस बरोबर आहेत का? क्वालिटी मॅडम, पान ५ वरची नमुन्याची पद्धत आपल्या प्रत्यक्ष कामाशी जुळते का? फील्डचे दादा, शेतकऱ्याला न कळणारी वाक्यं कोणती? गुरुवारी संध्याकाळी ६ पर्यंत त्या-त्या ओळीवरच कॉमेंट टाका. बांधावरून जमत नसेल तर मला फोन करा, मी तुमच्या नावाने लिहीन. शुक्रवारी दुपारपर्यंत मी निर्णय घेऊन मसुदा बंद करेन, शनिवारी छपाई. पान ३ सरांच्या ‘हो’शिवाय छापणार नाही. बाकी पानांवर सूचना आली नाही तर मान्य समजेन. इतरांनी वाचलं तर आनंदच आहे.”

पीडीएफऐवजी गूगल डॉक्सची लिंक दिली, कारण पीडीएफवरची मतं व्हॉइस नोट, स्क्रीनशॉट आणि ‘फायनल २’ नावाच्या वेगळ्या फाइल अशा तीन दिशांना जातात. लिंक देताना Share मध्ये Editor न ठेवता Commenter ठेवायला सांगितलं. त्यामुळे मूळ मजकूर कुणी थेट बदलू शकत नाही. कुणी शब्द बदलला तरी तो सूचना म्हणून दिसतो, आणि स्वीकारायचा की नाही हे धनी ठरवतो. गुरुवार आणि शनिवार यांच्यात मोकळा ठेवलेला दिवसही महत्त्वाचा. सूचनांची मुदत आणि छपाई एकाच दिवशी ठेवली तर विचार करायला वेळच उरत नाही.

गुरुवार दुपारपर्यंत क्वालिटी मॅडम आणि दादांच्या सूचना आल्या, कृषितज्ज्ञांची नाही. पूर्वीची ताई ग्रुपवर पुन्हा सगळ्यांना आठवण करत बसली असती. या वेळी तिने फक्त त्यांना फोन लावला. ते दिंडोरीच्या बागेत होते. फोनवरच त्यांनी तक्ता वाचून घेतला, एक औषध काढायला सांगितलं, आणि तिने ते त्यांच्या नावाने कॉमेंटमध्ये लिहून ठेवलं.

मतभेदही झाला. दादांचं म्हणणं, तक्ता लांबलचक आहे, थांबायच्या दिवसांचा रकाना काढा, शेतकरी आम्हालाच विचारतात. मॅडमना तो रकाना हवाच होता, वर शेवटच्या फवारणीच्या तारखेचा आणखी एक. ताईने दोन्ही रकाने ठेवले आणि तक्ता दोन पानांवर मोठ्या अक्षरांत घेतला. कॉमेंटखाली कारण लिहिलं, “काढणीच्या तारखेपासून मागे मोजायला दिवस समोर हवेत, फोन लागला नाही तर शेतकरी अंदाजाने ठरवेल. वाचायला सोपं व्हावं ही दादांची अडचण अक्षर मोठं करून सोडवली.” मग Resolve दाबलं. दादा रागावले नाहीत. त्यांची सूचना गिळली गेली नव्हती, तिला उत्तर मिळालं होतं. कारण न लिहिता कॉमेंट बंद केली की माणूस पुढच्या वेळी लिहायचं सोडतो, असं मी अनेकांकडून ऐकलं आहे.

शुक्रवारी संध्याकाळी, मसुदा बंद झाल्यावर, साहेबांची सूचना आली. प्रस्तावना बदला, बोधचिन्ह वर घ्या, आणि एका औषधाचे दिवस लेबलशी जुळत नाहीत असं वाटतं. ताईने मला फोन केला, आवाज कापत होता. मी तिला एवढंच विचारलं, “यातलं काय चुकलं तर शेतकऱ्याचं नुकसान होईल?” तिने दिवसांचा आकडा लगेच कृषितज्ज्ञांकडून तपासून घेतला, तो खरंच चुकला होता, आणि दुरुस्त केला. प्रस्तावना आणि बोधचिन्हासाठी साहेबांना लिहिलं, “सर, आकडा दुरुस्त केला, कृषितज्ज्ञ सरांनी होकार दिला आहे. बाकी दोन्ही सूचना पुढच्या आवृत्तीसाठी नोंदवल्या आहेत, उद्या छपाई ठरल्याप्रमाणे.” साहेबांचं उत्तर आलं, “चालेल.”