‘सिक्युरिटायझेशन’ : ताबा नोटिशीतलं आणि २००८ सालचं

प्रश्न : आमच्या विश्रामबागेत एका घराला बँकेची ताबा नोटीस लागलीय. तिच्यात ‘सिक्युरिटायझेशन’ असा शब्द आहे. पुतण्या म्हणतो, याच सिक्युरिटायझेशनमुळे २००८ ला अमेरिकेतल्या बँका बुडाल्या. घर ताब्यात घेणं आणि बँका बुडणं, दोन्हीला एकच शब्द कसा? आणि मराठीत याला म्हणायचं काय?

उत्तर : पुतण्याचं म्हणणं बरंचसं खरं आहे, पण त्या प्रकरणाचा विश्रामबागेतल्या नोटिशीशी संबंध नावापुरताच. नोटिशीत जे लांबलचक इंग्रजी नाव देवनागरीत छापलेलं असतं, ते २००२ सालच्या कायद्याचं. बँकेतली माणसं त्याला नुसतं ‘सरफेसी’ म्हणतात. या एका कायद्यात तीन विषय कोंबलेत : कर्जांचं सिक्युरिटायझेशन, बुडीत कर्जांची पुनर्रचना, आणि तारणावरचा बँकेचा हक्क बजावणं. दारावर चिकटवलेला कागद या तिसऱ्या विषयातला. हप्ते ९० दिवसांहून जास्त थकले, खातं एनपीए झालं, बँकेनं ६० दिवसांची मागणी नोटीस दिली, तरी पैसे आले नाहीत, म्हणून ताबा. यासाठी बँकेला आधी कोर्टात दावा लावावा लागत नाही. (शेतजमिनीला हे कलम लागत नाही, त्यामुळे तासगावच्या द्राक्षबागेवर अशी नोटीस दिसणार नाही.) पहिला विषय नावात पुढे बसला आणि व्यवहारात मागे राहिला. आपल्याकडे सिक्युरिटायझेशनचे बहुतेक व्यवहार या कायद्याखाली होत नाहीत, रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ट्रस्ट काढून होतात.

गोंधळाचं मूळ ‘सिक्युरिटी’ या शब्दात आहे. त्याचा एक अर्थ तारण, दुसरा अर्थ बाजारात विकता येणारा रोखा. कायद्याच्या नावात दोन्ही अर्थ आलेत : शेवटच्या ‘सिक्युरिटी इंटरेस्ट’मध्ये तारण, सुरुवातीच्या ‘सिक्युरिटायझेशन’मध्ये रोखा. सरकारी मराठीत ‘प्रतिभूतीकरण’ चालतं, पण संस्कृतात प्रतिभू म्हणजे जामीन राहणारा माणूस. इथे तर कुणीच कुणाला जामीन राहत नाही, आणि पुढची रड नेमकी तीच आहे. मी ‘रोखेकरण’ म्हणेन. ‘रोखीकरण’ नको, त्यात रोख पैसा ऐकू येतो. इंग्रजी शब्दही काही फार जुना नाही. सॉलोमन ब्रदर्स या वॉल स्ट्रीटवरच्या बँकेचे लुईस रानिएरी यांनी १९७७ साली बँक ऑफ अमेरिकाच्या गृहकर्जांचे रोखे विकताना तो एका वार्ताहराला सांगितला. असा शब्दच नाही म्हणून वर्तमानपत्र तो छापायला नाखूश होतं, असं पुढे रानिएरींनीच सांगितलं आहे.

आता रोखेकरण होतं कसं ते पाहू. समजा, सांगलीतल्या एका गृहकर्ज कंपनीनं १०० कोटींची कर्जं दिली. ती वीस वर्षांत हळूहळू परत येणार, तोवर पैसा अडकलेला. कंपनी ही सगळी कर्जं एका ट्रस्टला विकते. ट्रस्टकडे स्वतःचा पैसा नसतो. तो येणाऱ्या हप्त्यांच्या भरवशावर रोखे काढतो, ते विमा कंपन्या, म्युच्युअल फंड, दुसऱ्या बँका घेतात, आणि आलेले १०० कोटी कंपनीला मिळतात. कंपनी पुन्हा कर्जं द्यायला मोकळी. मिरजेतला कर्जदार पूर्वीसारखाच त्याच शाखेत हप्ता भरतो. आपलं कर्ज विकलं गेलंय हे त्याच्या लक्षातही येत नाही, कारण वसुलीचं काम थोडं शुल्क घेऊन जुनी कंपनीच करत राहते.

सगळे रोखे एकसारखे असते तर ही गोष्ट इथेच संपली असती. खरी करामत थरांची आहे. आकडे मी सोयीसाठी घेतोय, पण रचना खरी आहे. वरचा थर ८० कोटींचा, मधला १५ चा, तळाचा ५ चा. आलेल्या पैशातून आधी वरच्याचं देणं भागतं, मग मधल्याचं, उरलं तर तळाच्याला. तोटा मात्र तळातून वर चढतो. पहिले ५ कोटी बुडाले तर तळाचा थर संपला, पुढचे १५ बुडाले तर मधला. वरच्याला झळ लागायला २० कोटींहून जास्त बुडावे लागतात. म्हणून वरच्या थराला पतमानांकन संस्था ‘ट्रिपल ए’ हा सर्वोच्च दर्जा देतात आणि त्यावर व्याज कमी मिळतं. तळाच्याला धोका जास्त, म्हणून परतावाही जास्त.

इथवर यात लबाडी काहीच नाही. धोका खरोखर विभागला जातो, आणि ज्याला जेवढा सोसेल तेवढा तो घेतो. पण एक अट आहे : सगळी कर्जं एकदम बुडता कामा नयेत. आपल्या उदाहरणातल्या १०० कोटींच्या कर्जांतली सगळी घरं सांगलीत कृष्णेकाठी असतील, तर २०१९ च्या ऑगस्टसारखं आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेल्यावर सगळ्यांचे हप्ते एकाच महिन्यात थकतील. म्हणून त्यात नागपूर, नाशिक, लातूरची कर्जं मिसळायची. कृष्णेचा पूर काही लातूरला जात नाही. अमेरिकेतही हाच विचार होता : फ्लोरिडा, कॅलिफोर्निया, नेवाडा अशा वेगवेगळ्या राज्यांतली कर्जं एकत्र करायची. महामंदीनंतर सगळ्या देशात एकदम घरांच्या किमती मोठ्या प्रमाणात पडल्या नव्हत्या, त्यामुळे पुढेही पडणार नाहीत असं हिशेबात धरलं गेलं.

पंचाईत मधल्या थराची. वरचा थर सहज खपतो, तळाचा हौशी फंड घेतात. मधल्याला गिऱ्हाईक कमी. म्हणून वॉल स्ट्रीटवरच्या बँकांनी अनेक ट्रस्टांचे मधले थर गोळा केले, त्यांचा नवा गठ्ठा केला आणि त्यालाही पुन्हा थर पाडले. याचं नाव सीडीओ. समजा त्यात वरचा थर ७० टक्के आणि खालचे सगळे मिळून ३० टक्के. शंभर वेगवेगळ्या ट्रस्टांचे मधले थर एकदम कसे बुडतील, या तर्कावर त्या ७० टक्क्यांनाही ट्रिपल ए मिळालं. ज्या मालाला कालपर्यंत गिऱ्हाईक नव्हतं, त्यातलाच बराचसा आज अव्वल दर्जाचा ठरला.

इथे कागद-पेन्सिल घ्याच. मूळ कर्जांत ५ टक्के तोटा झाला तर मधले थर शाबूत, सीडीओही शाबूत. तोटा १० टक्के झाला तर तळाचे ५ जाऊन मधल्या १५ पैकी ५ गेले, म्हणजे मधला थर एक तृतीयांश संपला. सगळ्या ट्रस्टांत हेच घडलं, तर सीडीओचे ३३ टक्के गेले. खालचे ३० संपले आणि ट्रिपल ए थराला पहिला ओरखडा उठला. आता तोटा १५ टक्के करा. मधल्या थराचे दोन तृतीयांश गेले, सीडीओचे ६७ टक्के गेले, आणि ७० च्या ट्रिपल ए थरातले ३७, म्हणजे निम्म्याहून जास्त बुडाले. २० टक्क्यांना सीडीओत काहीच उरत नाही. आणि गंमत बघा, २० टक्क्यांनाही पहिल्या पायरीवरचा ८० कोटींचा थर पूर्ण सुरक्षित आहे. नाव दोघांचं ट्रिपल ए. एकाला चार पायऱ्यांचा जोता होता, दुसरा अरुंद कट्ट्यावर उभा होता. मधला थर मुळात पातळ असतो. तोटा त्याच्यापर्यंत पोचला की थोड्याच अंतरात तो पूर्ण जातो, आणि सगळ्या ट्रस्टांतले मधले थर एकाच वेळी जातात.

पण सगळीकडे तोटा एकदम का झाला? कारण राज्यं वेगळी असली तरी कर्जं एकाच वळणाची होती. कमी पतीच्या लोकांना दिलेल्या बऱ्याच कर्जांत पहिली दोन वर्षं व्याज ठरलेलं आणि कमी, मग ते बदलतं आणि बहुधा वाढतं. वाढलेला हप्ता झेपणार नाही हे देणाऱ्यालाही दिसत होतं. दोन वर्षांत घराची किंमत चढेल, त्यावर नवं कर्ज काढून जुनं फेडता येईल, हा सगळ्यांचा एकच हिशेब. २००६ मध्ये किमती शिखराला पोचून उतरू लागल्या आणि तो हिशेब प्रत्येक राज्यात एकाच सुमारास तुटला. शिवाय कर्ज देणारा ते पुढे विकून मोकळा होत होता, त्यामुळे कर्जदाराच्या उत्पन्नाचा दाखला नीट तपासायची त्याला गरज वाटेना. नवी कर्जं पहिल्या काही हप्त्यांतच थकू लागली, तेव्हा जाणत्यांना ओळखता आलं. माणसाची नोकरी जाते किंवा आजारपण येतं तेव्हा मधल्या वर्षांत हप्ते थकतात. पहिल्याच हप्त्यांत थकलेलं कर्ज मुळात द्यायलाच नको होतं. अशी थकलेली कर्जं मोठ्या बँकांनी परत घ्यायला लावली, आणि न्यू सेंच्युरी ही कर्ज देणारी मोठी कंपनी एप्रिल २००७ मध्ये दिवाळखोरीत गेली.

तुमच्या पुतण्याला एक दुरुस्ती सांगा. धोका जगभर पसरला म्हणून बँका बुडाल्या, असं म्हटलं जातं. पसरला हे खरं, जर्मनीतली आयकेबी बँक जुलै २००७ मध्येच त्यात अडकली. पण जेवढा पसरायला हवा होता तेवढा पसरला नाही, ही जास्त मोठी गोष्ट. सीडीओच्या ट्रिपल ए थरावर व्याज इतकं कमी होतं की तो पुरेसा खपेना, म्हणून तो बनवणाऱ्या बँकांनी तो स्वतःच्याच तिजोरीत ठेवला. सिटी बँकेच्या मूळ कंपनीनं नोव्हेंबर २००७ मध्ये असे ४३ अब्ज डॉलर आपल्याकडे असल्याचं जाहीर केलं. मेरिल लिंच या वॉल स्ट्रीटवरच्या बँकेनं जुलै २००८ मध्ये ३०.६ अब्ज दर्शनी किमतीचे सीडीओ डॉलरला २२ सेंट या भावानं विकले. काहींनी एआयजी या विमा कंपनीकडून त्यावर विम्यासारखे करार घेतले होते, म्हणजे वेगवेगळ्या बँकांचा धोका फिरून एकाच दारात येऊन बसला. त्या दाराला सप्टेंबर २००८ मध्ये अमेरिकी फेडरल रिझर्व्हनं ८५ अब्जांचा टेकू दिला. २००६ साली मूडीज या पतमानांकन संस्थेनं ज्या गृहकर्ज-रोख्यांना ट्रिपल ए दिलं, त्यांतल्या ८३ टक्क्यांचा दर्जा पुढे उतरवावा लागला, असं अमेरिकी चौकशी आयोगाच्या अहवालात आहे.

आपल्याकडे रोखेकरण आजही चालतं. गाड्यांची, घरांची, बचत गटातल्या बायकांना दिलेली छोटी कर्जंसुद्धा त्यात असतात. मात्र रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार विकणाऱ्याला कर्ज काही महिने स्वतःकडे ठेवून, हप्ते येतात का ते पाहूनच विकता येतं. घरकर्जाच्या रोख्यांत ५ टक्के वाटा त्यालाच ठेवावा लागतो, दोन वर्षांहून मोठ्या मुदतीच्या इतर कर्जांत १० टक्के. आणि रोख्यांचे पुन्हा रोखे करायला, म्हणजे वरच्या हिशेबातल्या सीडीओला, सरळ बंदी आहे. त्यालाही मराठी शब्द लागला तर ‘पुनर्रोखेकरण’ म्हणा. उच्चारायला अवघड आहे, पण बंदी असलेल्या गोष्टीचं नाव रोज कुठे घ्यायचंय!