पत्रकात पासबुकाचं एकच पान छापा

*पहिल्यांदाच बँकेत खातं उघडणाऱ्यांसाठी पत्रक लिहितोय. बचत खातं, व्याज, पासबुक आणि चार्जेस हे सगळं सोप्या भाषेत कसं समजावू?*

मी काही वर्षं बँकेच्या काउंटरवर होतो. नवीन खातेदार मुख्यतः दोनच गोष्टी विचारायचे: व्याज इतकं कमी कसं आणि पैसे का कापले? दोन्हींचं उत्तर एकाच हिशेबात मिळतं, म्हणून पत्रकात व्याख्या देण्यापेक्षा पासबुकाचं एक पान छापा आणि तो हिशेब करून दाखवा.

समजा, तीस दिवसांच्या महिन्यात 1 तारखेला 10,000 रुपये जमा झाले आणि 11 तारखेला 6,000 काढले. म्हणजे दहा दिवस 10,000 शिल्लक होती आणि वीस दिवस 4,000. बँक बहुतेक वेळा दिवसअखेरची शिल्लक धरते, त्यामुळे सकाळी भरून संध्याकाळी काढलेली रक्कम हिशेबात येत नाही. रोजच्या शिलकींची बेरीज झाली 1,80,000. व्याजदर 3 टक्के असेल तर या बेरजेचे 3 टक्के काढून 365 ने भागायचं: 14 रुपये 79 पैसे. लोक दहा हजारांवर 300 रुपये धरून बसलेले असतात, कारण दर वर्षाचा असतो हे त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं. शिवाय व्याज बऱ्याचदा तीन महिन्यांनी जमा होतं. तोवर पासबुकात ते दिसत नाही, हेही लिहा.

आता तीच बेरीज तीसने भागा. सरासरी शिल्लक 6,000 येते. खात्याची अट सरासरी 5,000 ची असेल, तर शिल्लक 4,000 वर उतरूनही दंड लागत नाही. पण तेच 6,000 तिसऱ्या तारखेला काढले असते, तर बेरीज 1,32,000 आणि सरासरी 4,400 झाली असती. म्हणजे दंड. भरपाई 21 तारखेला केली तर 1,800 रुपये भरून महिनाअखेरपर्यंत ठेवले की पुरतात; शेवटच्या दिवशी मात्र त्यासाठी 18,000 भरावे लागतात. आमच्याकडे असे कितीतरी जण 30 तारखेला हजार-दोन हजार घेऊन धावत यायचे, आणि दंड तरीही लागायचा. त्याचं मला फार वाईट वाटायचं.

अट सगळीकडे सरासरीचीच असते असं नाही. काही खात्यांना किमान शिलकीची अटच नसते, काहींत ती रोज पाळावी लागते. त्यामुळे 'माझ्या खात्याला कोणती अट आहे?' हा प्रश्न पत्रकातच ठळक छापा, म्हणजे खातेदार तो खातं उघडतानाच विचारेल.

छापलेल्या पानावर 'जमा', 'नावे' आणि 'शिल्लक' या रकान्यांना बाण दाखवा. दंड, कार्डाचं वार्षिक शुल्क, एसएमएसचे पैसे हे सगळं 'नावे'मध्ये, बहुधा इंग्रजी लघुरूपात येतं. न कळलेल्या नोंदीवर पेन्सिलीने गोल करून काउंटरवर दाखवायला सांगा. पासबुक दर महिन्याला भरून घ्यायला हवं. फार दिवस साचलेल्या नोंदी कधीकधी एकत्र करून छापल्या जातात आणि मग कापलेली रक्कम कशाची होती ते पासबुकावरून कळत नाही.